मागची कड

अक्का, माझी थोरली बहीण, गेली आणि पन्नाशी उलटल्यावर मला पहिल्यांदा शिंप्याच्या दुकानाची पायरी चढावी लागली. माझे सगळे कपडे तीच शिवायची, शाळेच्या फ्रॉकपासून ऑफिसच्या ड्रेसपर्यंत. माप घ्यायला टेप काढलेली मला आठवत नाही. तोंडात टाचण्या धरून ती एकदा माझ्याकडे बघायची आणि कापायला बसायची.

आमच्या घरात एक विषय कधीच निघाला नाही. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे आणि उजवा खुबा वर. लहानपणी आई नुसतं "नीट उभी राहा गं" म्हणायची. मी नीटच उभी असायचे. पुढे अक्का मशीन शिकली, माझे कपडे माझ्या अंगावर सरळ पडायला लागले आणि आईचं ते म्हणणं आपोआप बंद झालं. मीही विसरून गेले. फुकटचं सुख होतं ते, त्याची किंमत मला आत्ता कळते आहे.

महिनाअखेरीस मी रिटायर होणार होते. सगळी नोकरी काउंटरमागे बसून झाली, त्यामुळे लोकांनी माझं अर्धंच ध्यान पाहिलेलं. निरोपाच्या दिवशी मात्र स्टेजवर उभं राहून बोलायचं होतं आणि मग सगळ्यांच्या देखत, त्यांच्याकडे पाठ करून, पायऱ्या उतरायच्या होत्या. नवा ड्रेस हवाच होता. आणि काहीही झालं तरी मला कुणाच्या नजरेत कीव नको होती.

म्हणून मी शहाणपणा केला. अक्काने शिवलेला शेवटचा ड्रेस, निळा, पोटरीपर्यंतचा, मापाला म्हणून नेला आणि टेलरमास्तरांपुढे ठेवला. "अगदी असाच शिवा," म्हटलं. तोंडातून अवाक्षर न काढता काम होत असेल तर कुणाला नको आहे?

मास्तर साठीचे, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणारे. त्यांनी निळा ड्रेस मधोमध दुमडला, अर्धी बाजू अर्ध्या बाजूवर ठेवली. दोन्ही बाजू जुळेनात. "जुना कपडा, लोंबलाय बिचारा," असं म्हणत त्यांनी तळहाताने तो ठाकठीक केला आणि वरच्या अर्ध्याचं माप घेतलं. मी बघत होते. तिथेच बोलायला हवं होतं. मी पिशवीचे बंद कुरवाळत बसले.

नवा ड्रेस घालून पडद्याबाहेर आले आणि आरशात बघितलं, तर काय! मानेपासून उजव्या बगलेपर्यंत तिरकी सुरकुती. उजवीकडे खालची कड वर चढलेली, बाजूची शिवण मांडीवरून वाकडी गेलेली. आरशात मीच होते. अक्काशिवायची मी कशी दिसते, ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"घ्या, कड जरा कापून सरळ करून देतो," मास्तर म्हणाले.

"शिवण वाकडी आहे, ती कापून सरळ होणार का?" मी खेकसले. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, पण माझा राग नेहमी जवळ उभ्या असलेल्या माणसावर निघतो.

त्यांनी चष्मा खाली ओढला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा निळ्या ड्रेसकडे. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "हा लोंबलेला नव्हता तर. मुद्दामच दोन बाजू वेगळ्या कापल्यात. थांबा, उसवून बघतो आत काय केलंय ते." आणि त्यांनी ब्लेड उचललं.

मी तो ड्रेस त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. "याला हात लावायचा नाही."

"मग तुम्ही सांगा, ताई. उसवायचं नाही, तर तुम्हालाच सांगावं लागेल ना?"

मी ड्रेस छातीशी धरून पडद्यामागे गेले. तो अंगात घातला आणि आंधळ्यासारखी चाचपू लागले. उजव्या खांद्यात आतून एक पातळ गादी होती, कापडाची घडी करून टाके घातलेली. इतकी वर्षं मला वाटायचं, शिवणच जाड आहे. कमरेची जोडशिवण उजवीकडे जरा वर गेलेली होती आणि तिथून खाली कापड जास्त होतं. खालची कड मात्र चहूबाजूंनी सारखी. बयेने एका शब्दाने सांगितलं नाही मला.

बाहेर आले. "मास्तर, माझा उजवा खांदा खाली आहे. तिथे आत पातळ गादी लागते."

"आणि गादी घालूनही जितका उतार उरेल, तितका खांदा उतरवून शिवायचा," ते पुटपुटले. "बगलही तेवढीच खाली घ्यायला लागेल, नाहीतर काचेल. पुढे?"

"उजवा खुबा वर आहे. तिथे कापड वर खेचलं जातं."

"म्हणजे कमरेपासूनच लांबी वाढवायची. खालून नाही. जोडशिवणीत दाब सोडलाय मी, आतलं जास्तीचं कापड, ते उजवीकडे काढतो." त्यांनी खडूने दोन खुणा केल्या. कीव नाही, काही नाही. एवढं सोपं होतं ते! आणि एवढ्यासाठी मी जन्मभर जीव मुठीत धरून वावरले.

दोन दिवसांनी ड्रेस दुरुस्त होऊन हातात आला. मास्तरांनी बजावलं, "कड अजून कच्चीच घातलीय. घरी घालून बसा, उठा, जरा फिरा. मग मागून कुणाला तरी बघायला सांगा, मागची कड सारखी राहते का. तेवढं कळलं की पक्की करतो."

घरी येऊन ड्रेस घातला. बसले, उठले, स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. मग कपाटाच्या आरशाकडे पाठ केली आणि मान वळवली. मान वळवली की खांदा फिरतो, खांदा फिरला की ड्रेस उचलला जातो. पुन्हा सरळ झाले, पुन्हा वळले. स्वतःची सरळ पाठ माणसाला दिसत नाही. कोपऱ्यात अक्काचं मशीन चादर पांघरून बसलं होतं. "अक्का, बघ गं जरा," मी मोठ्याने म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून मशीनपाशी जाऊन बसले. फार एकटं वाटलं. तसं ते तिच्या अंत्ययात्रेच्या दिवशीही वाटलं नव्हतं, त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

सकाळी तोच ड्रेस घालून दुकानात गेले. मास्तर नुकतंच मशीन पुसत होते.

"काय म्हणाले घरचे? कड बरोबर आहे?"

'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. खांद्याचं, खुब्याचं सांगून झालं होतं. आता वाटलं, ते तर काहीच नव्हतं.

"घरी बघायला कुणी नाही, मास्तर," मी म्हणाले. "तुम्हीच बघा."

मास्तर पुसायचं फडकं खाली ठेवून माझ्या मागे आले. मग गुडघे मोडून खाली बसल्याचा आवाज आला.

"उजवीकडे मागून बोटभर वर जातेय. तेवढी खाली सोडतो." त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या होत्या, शब्द दाताआडून येत होते. "जरा नीट उभ्या राहा, ताई."

"नीटच उभी आहे," मी म्हणाले. आईला हे मला एकदाही म्हणता आलं नव्हतं.

"हो, दिसतंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पहिली टाचणी लावली.