तीस दिवसांच्या आत

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीसमोर, धूम्रपान सोडवणाऱ्या समुपदेशक बाईंची खोली होती. आत टेबल, तीन खुर्च्या, एक कपाट आणि कुंडीतलं एक झाड. झाडाला पाणी घालायचं काम कुणाचं हे कधी ठरलं नव्हतं, त्यामुळे ते दोघीतिघींच्या हातून पाणी पिऊन पिवळं पडलं होतं.

खोलीत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून आधी एक कागद भरून घेतला जायचा. त्यात तीन प्रश्न होते. येत्या सहा महिन्यांत सिगारेट सोडायचा विचार आहे का? येत्या तीस दिवसांच्या आत सोडणार आहात का? गेल्या वर्षभरात निदान चोवीस तास तरी सोडून पाहिली आहे का? या तीन उत्तरांवरून माणूस कोणत्या टप्प्यावर उभा आहे ते कळायचं. पहिल्यालाच नाही म्हणणाऱ्याच्या मनात सोडण्याचा विचार अजून शिरलेलाच नसतो. सहा महिन्यांची गोष्ट करणारा दोलायमान असतो. तिन्हींना हो म्हणणारा तयारीत असतो. त्यापुढे प्रत्यक्ष सोडलेले, मग सहा महिन्यांच्या वर टिकलेले. मधूनच घसरून मागच्या टप्प्यावर परत येणारेही पुष्कळ, आणि त्यांच्यावर रागावायचं नसतं. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाशी बोलायची रीत वेगळी. तयारीतल्या माणसाला तारीख विचारायची, औषध समजावायचं. विचारच नसलेल्याला तारीख विचारली की तो एकतर भांडतो, नाहीतर सगळ्याला मान डोलावतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही.

हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या हे नव्या मुलींना शिकवतही असत.

मंगळवारी सकाळी शेवटचा कागद कटिंग मास्तरांचा होता. वय एकसष्ट, सूट शिवणाऱ्या दुकानात चाळीस वर्षं कापड कापायचं काम. चालताना उजवी पोटरी दुखते. पायाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, सिगारेट थांबली नाही तर पुढे पायाचं सांगता येत नाही. तिन्ही प्रश्नांपुढे हो. शिवाय समासात सुबक अक्षरात, ‘शक्य तितक्या लवकर.’

मास्तर आत आले ते मुलीच्या मागून. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेप नव्हती पण टेपची जागा रिकामी ठेवलेली दिसत होती. मुलगी पस्तिशीची, खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

“या मास्तर,” बाई म्हणाल्या. “तुमची तयारी बघून बरं वाटलं. मग तारीख कोणती धरायची?”

“तुम्ही म्हणाल ती.”

“पुढचा सोमवार?”

“चालेल.”

“त्याआधी घरातली, दुकानातली सगळी पाकिटं, लायटर टाकून द्यायचं.”

“टाकू.”

“तलफ आली की हे च्युइंग गम. पण नेहमीसारखं नाही चघळायचं, थोडं चावायचं आणि गालात धरून ठेवायचं.”

“धरू.”

“आणि सोडतोय हे कुणाकुणाला सांगाल?”

“ज्याला म्हणाल त्याला सांगतो,” मास्तर म्हणाले. “पेपरात देऊ का?”

“बाबा!” मुलगी म्हणाली.

“अगं, मी हो म्हणतोय ना? सकाळपासून हो म्हणतोय. रिक्षात हो म्हटलं, रांगेत हो म्हटलं.” मग ते बाईंकडे वळले. आवाज चढला नव्हता. “बाई, राग मानू नका. तुम्ही माप न घेताच कापताय.”

बाईंचा हात कपाटाच्या मुठीवर होता. त्यांनी तो काढून घेतला आणि कागद पुन्हा पाहिला.

“हा कागद कुणी भरला?”

“हिनं. माझा चष्मा हिच्या पिशवीत होता.”

“त्यांनाच विचारून भरला,” मुलगी म्हणाली. “म्हणजे, ते गप्प बसले होते.”

कागद खोटा नव्हता. तीस दिवसांच्या आत हे घडावं अशी तयारी एका माणसाची खरोखर पूर्ण झाली होती. फक्त तो माणूस सिगारेट ओढत नव्हता.

“तुम्ही पंधरा मिनिटं बाहेर बसाल का?” बाईंनी मुलीला विचारलं.

“मी असले तर बिघडतं?”

“बाबांना माझ्याशी भांडायचं असेल तर तुमच्यासमोर संकोच वाटेल.”

मास्तर हसले. मुलगी हसली नाही, पण गेली. जाताना तिनं वडिलांचा चष्मा टेबलावर ठेवला.

बाई म्हणाल्या, “मास्तर, चूक माझी. मी भलत्याच माणसाशी बोलत होते. आता आधी एक सांगा, सिगारेटमध्ये तुम्हाला काय आवडतं?”

“हा नवीन डाव आहे का?”

“डाव नाही. इतकी वर्षं माणूस उगाच एखादी गोष्ट धरून बसत नाही.”

मास्तरांनी खुर्ची जराशी पुढे घेतली. “दुकानात ओढत नाही मी. कापडाला वास धरतो. महागाचं कापड पसरलं, खडूनं आखलं, की कात्री लावायच्या आधी मी बाहेर जिन्यावर जातो. एक सिगारेट. तेवढ्यात सगळा कोट डोळ्यांपुढे येतो. खांदा कुठं उतरतोय, पाठीत कापड कुठं आत दाबायचं. कापड एकदा कापलं की कापलं. मालकानं येऊन हात जोडले तरी परत जुळत नाही. त्या जिन्यानं माझ्या हातून कितीतरी कोट वाचवलेत.”

“जिन्यानं की सिगारेटनं?” हा प्रश्न बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. चांगला प्रश्न होता, आणि चुकीच्या वेळचा. त्यांनी तो गिळला.

“म्हणजे तिथं तुम्हाला विचार करायला निवांत मिळतं.”

“हो. तसंच म्हणा.”

“आता एक आकडा सांगा. सोडणं तुमच्या लेखी किती महत्त्वाचं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे त्याहून मोठं काही नाही.”

“तीन. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तीन.”

“शून्य का नाही?”

मास्तर थांबले. बहुतेक लोक इथं थांबतात. ‘तीनच का, आठ का नाही’ असं विचारलं असतं तर न सोडण्याची कारणं घडाघडा बाहेर आली असती. हे उलटं विचारलं की सोडण्याच्या बाजूनं माणसाला स्वतःलाच बोलावं लागतं.

“घरापासून दुकानापर्यंत पूर्वी मी एका दमात जायचो,” ते म्हणाले. “आता मध्ये चारदा थांबतो. रस्त्यात नुसतं उभं कसं राहणार? लोक विचारतात. म्हणून कपड्यांच्या दुकानांसमोर थांबतो. काचेतले शर्ट बघतो. सगळ्यांना वाटतं मास्तर दुसऱ्याची शिलाई तपासतायत. परवा एक दुकानदार बाहेर आला, हात चोळत. म्हणाला, मास्तर, कॉलर बरोबर नाही का हो?” ते हसले. “कॉलर चांगली होती बिचाऱ्याची.”

“आणि काम?”

“कटिंग उभ्यानं करायचं काम आहे. बसून कापतो तो शिंपी नव्हे. पाय म्हातारा झालाय, दुसरं काय. सिगारेटचा काय संबंध?”

“मला त्याबद्दल जे माहीत आहे ते सांगू का? पटलं नाही तर सोडून द्या.”

“सांगा. ऐकायला काय जातंय.”

“पोटरी चालायला लागली की तिला जास्त रक्त हवं असतं. धुरानं आतली नळी अरुंद होते. रक्त पुरत नाही, स्नायू ओरडतो. तुम्ही काचेसमोर थांबलात की मागणी कमी होते, आणि तो शांत होतो. म्हातारपणानंही नळ्या अरुंद होतात, पण इतक्या लवकर नाही. आता यावर तुमचं काय म्हणणं?”

मास्तरांनी चष्मा घातला, काढला.

“म्हणणं काही नाही,” ते म्हणाले. “नळी हे कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर नुसतं ओरडले.”

कपाट हाताच्या अंतरावर होतं. आत गमची खोकी होती, तारखांचे तक्ते होते. बाईंना ते उघडावंसं वाटलं, आणि असं वाटणं त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे वडील गेले, तोपर्यंत त्या रोज संध्याकाळी घरी जाऊन हेच करत असत. वडिलांच्या उशाशी तक्ता चिकटवलेला होता. वडील प्रत्येक गोष्टीला बरं म्हणायचे.

त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आज काही ठरवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “सोडायची की नाही हे तुम्ही बघाल. मला एवढंच हवंय की तुम्ही पुन्हा बोलायला यावं. नाही आलात तरी मुलीला मी काही कळवणार नाही.”

मास्तर उठले. “दुकान बुधवारी बंद असतं,” एवढंच म्हणाले. हो म्हणाले नाहीत.

बाहेर मुलगी बाकावरून ताडकन उठली. मास्तर पाणी प्यायला गेले तशी ती बाईंच्या दारात आली.

“तारीख ठरली?”

“नाही.”

“गम?”

“दिलं नाही.”

“मग वीस मिनिटं केलंत काय?” तिचा आवाज फुटला. “त्यांचा पाय जाईल, मॅडम! तुम्ही शर्टांच्या गप्पा मारत होतात, मला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं.”

“आज गम दिलं असतं तर ते घेऊन गेले असते आणि परत आले नसते. त्यांच्या मनात विचार शिरायचा आहे अजून. तो त्यांनी स्वतः करायला हवा.”

“आणि तोवर मी? बघत बसू?”

“आठवडाभर विषय काढू नका. पाकिटं शोधू नका. ते स्वतः बोलले तर ऐका.”

“तुम्हाला सांगायला सोपं आहे.”

“माझे वडील ओढायचे,” बाई म्हणाल्या. “मी रोज सांगायचे. ते माझ्यापासून लपून गच्चीवर जायला लागले. शेवटी आमच्यात बोलायला तेवढा एकच विषय उरला होता.”

मुलीनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. “सुटली?”

“नाही.”

मुलगी पिशवी खांद्यावर नीट घेऊन वडिलांच्या मागं गेली. बाईंनी कागदावरची तिन्ही उत्तरं खोडून शेजारी लिहिलं, ‘विचारपूर्व टप्पा. पुढची भेट अनिश्चित.’

दुसऱ्याच दिवशीचा बुधवार रिकामा गेला. बाईंनी त्या दिवशी जेवायला जाताना दार उघडं ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या बुधवारी साडेअकराला मास्तर एकटेच आले.

“सोडलेली नाही,” बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

“बरं.”

“घरात भलतीच शांतता आहे. कार्टी काही विचारतच नाही. मला वाटलं, आजारी पडली की काय.” ते बसले. “शेवटी मीच सांगितलं तिला, रस्त्यात का थांबतो ते. रडली. मग म्हणाली, चहा करते.”

बाईंनी मान हलवली.

“रविवारी सहज म्हणून बघितलं. सकाळी उठल्यापासून नाही ओढली. दुपारी बारापर्यंत. मग एका गिऱ्हाइकाच्या बायकोवर खेकसलो. मालक म्हणाले, मास्तर, तुम्ही जिन्यावर जाऊन या. गेलो, लागोपाठ दोन ओढल्या.” ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे फुकटच गेलं ना?”

मोजमापाच्या हिशेबात ते धरलं जात नव्हतं, त्याला चोवीस तास लागतात. माणूस मात्र आता दोलायमान होता, दोन्ही बाजूंना पाहत होता. इथं शाबासकीचा ढोल वाजवला तर तो बिचकतो, आणि तक्ता पुढं केला तर पळतो.

“सकाळपासून बारापर्यंत,” बाई म्हणाल्या. “कसं जमवलंत?”

“जमवलं कुठं, बिघडलंच ना शेवटी.”

“ते कळलं. त्याआधीचं विचारतेय. उठल्यावर पहिली वेळ कशी निभावली?”

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“थांबा हं,” ते म्हणाले, “नीट आठवून सांगतो,” आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून सांगायला लागले.