भिमाजीचा धुमा

सेठांच्या बंगल्यातला रेडिओग्राम दुरुस्तीला आला, तेव्हा त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. लढाईचे दिवस होते, सुटे भाग मिळत नव्हते आणि लोणावळ्यात मी एकटाच रेडिओवाला. बिघाड नसलेलं यंत्र पाठवणाऱ्याचा मला राग येतो. चिठ्ठीत होतं, 'आवाज पोकळ येतो.' दुकानात मोठ्यानं लावला, तर खर्ज टेबल हलवील असा.

यंत्र परत घेऊन बंगल्यावर गेलो तेव्हा कळलं. सेठाणींना अर्धशिशी. त्यांच्यासाठी यंत्र नेहमी बारीक लावायचं, इतकं की शेजारच्या खोलीत कळू नये. तसं लावलं की आवाजाचा तळच जायचा. मी सेठांना सांगितलं, "यंत्र शहाणं आहे, आपले कान लबाड आहेत. आवाज लहान झाला की मधले सूर कानाला बऱ्यापैकी लागतात, खर्ज मात्र फार कमी लागतो. तुमचा, माझा, सगळ्यांचाच कान असा."

चहाचा कप घेऊन उभा असलेला रखमाजी माळी ते ऐकत होता. वाकसईचा हा म्हातारा भजनात पखवाज वाजवायचा. त्याचा सगळा जीव धुम्यात, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या पुडीत; तिला ओली कणीक लावली की आवाज भरदार होतो. त्याच्या पोराची, भिमाजीची गोष्ट त्यानं अख्ख्या बाजाराला सांगितली होती. पोरगा मुंबईत एका भजनी मंडळात वाजवायचा. मंडळाची तबकडी निघाली, ती घेऊन तो दिवाळीत आला. सेठांच्या परवानगीनं याच यंत्रावर लावली, अर्थात बारीक. म्हातारा सगळ्या नोकरांसमोर म्हणाला, "धुमा मेला रं तुजा. कणीक लावायची बी इसरलास? डावा हात सुदरल्याबिगर माज्या दारात येऊ नगंस." पोरगा एवढंच म्हणाला, "आबा, मोट्यानं लावून ऐका." तिथं मोठ्यानं कोण लावू देणार? पोरगा तबकडी तिथंच ठेवून गेला. पुढच्या पावसाळ्यात मुंबईत तापानं गेला. म्हातारा रडला, पण 'हात बिगडला व्हता' हे काही त्यानं सोडलं नाही. त्याच्यापुरता तो न्याय होता, आणि त्याच न्यायावर तो उभा होता.

मी जपून ठेवलेलं आवाजाचं एक नवं बटण तिथंच बसवलं. या बटणाला मध्येच एक जादा पाय असतो. तिथून एक रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर चॅसीला, म्हणजे यंत्राच्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडायचा. बटण खाली आणलं की वरचे सूर त्या वाटेनं गळून जातात आणि कंडेन्सर खर्जाला अडवतो, म्हणून खर्ज मागे उरतो. कानाची खोट यंत्रानं भरून काढायची, एवढंच.

तपासायला जवळ असलेली तबकडी लावली. ती नेमकी कोणती, हे मी पाहायला हवं होतं.

बारीकच होता आवाज. अभंगाखाली धुमा बोलू लागला, भरदार, ओला. रखमाजीनं हातातला कप यंत्राच्या कडेला ठेवला.

"मिस्तरी, त्यो धुमा तुमच्या यंत्रानं घातला न्हवं?"

तो जवळ आला. "खरं सांगा. यंत्रातनंच आलाय न्हवं?"

त्याला हो हवं होतं. हो म्हटलं असतं तर तो आहे तसा जगला असता. पण तुमचं पोरगं खोटं वाजवत होतं, असं मी माझ्या तोंडानं कसं म्हणू? मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

"आबा, तबकडीत नसेल ते यंत्र कुठून आणणार?"

"मग तवा का न्हवता?"

सेठाणी डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी बटण पार वर नेलं. "आता बघा, इतक्या वर माझी जोडणी काहीच करत नाही. हे निव्वळ तबकडीतलं." धुम्यानं खिडकीची काच थरथरली. भिमाजीचा डावा हात असा पडत होता की कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

तबकडी संपली. सुई आतल्या रेघेत खरखरत राहिली, तरी कुणी उचलली नाही.

"मोट्यानं लावून ऐका म्हनला व्हता," रखमाजी म्हणाला. "मी न्हाई ऐकलं."

"आबा, कान सगळ्यांचाच तसा असतो," मी म्हणालो. मघाशी सेठांना सांगताना हे किती सोपं वाटलं होतं.

"सगळ्यांनी त्याला घरातनं न्हाई काडलं."

त्यानं कप उचलून ठेवला, धोतराला हात पुसले आणि विचारलं, "परत लावाल का? बारीकच लावा. त्या दिशी जेवडा व्हता तेवडाच."

मी बटण खाली आणून सुई ठेवली. म्हातारा जमिनीवर बसला. डावा हात मांडीवर मुलाच्या ठेक्याला ठेका देत राहिला, आणि एकाही ठिकाणी चूक सापडेना.