अकरा नंबरचं टेबल

नव्या इमारतीत सामान हललं त्याच दिवशी दुपारी मॅनेजरबाईंचा ईमेल आला. घरांचे आराखडे काढणारं आमचं ऑफिस. माणसं अडतीस, टेबलं चाळीस. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं: 'टेबलांचं वाटप कसं झालं आणि का'.

ऑफिसातल्या जुन्या ड्राफ्ट्समनला सगळे 'मुनी' म्हणत, कारण तो फारसा बोलत नसे. खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपासून त्याला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐकू न येता भलतंच उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा त्याचा हिशेब.

त्याने ईमेल उघडला. एकत्र काम करणारे एकत्र बसतील आणि ड्राफ्ट्समन मोठ्या प्रिंटरजवळ राहतील, असं बाईंनी सुरुवातीला लिहिलं होतं. तब्येतीच्या कारणासाठी ज्यांनी फॉर्म भरला, त्यांना सोयीची जागा आधी दिली आहे. कारणं फक्त मी पाहिली आहेत आणि ती कुणालाही सांगणार नाही. उरलेल्या जागांसाठी प्रत्येक गटातल्या दोघांसमोर चिठ्ठ्या काढल्या. हुद्दा आणि नोकरीची वर्षं धरली नाहीत, नाहीतर खिडकी नव्या माणसाच्या वाट्याला कधीच आली नसती. ईमेल बराच लांब होता. आपला नंबर दिसताच मुनीने वाचणं थांबवलं.

अकरा. ऐन मध्यात, डावीकडे जायची-यायची वाट. म्हणजे येणारा प्रत्येक जण बहिऱ्या बाजूनेच येणार.

आणि कोपऱ्यातलं खिडकीचं सात नंबर कुणाला? चार महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीला!

"चिठ्ठीत तिचं नावच नव्हतं," शेजारचा म्हणाला. त्याला ऑफिसात 'आकाशवाणी' म्हणत. "तब्येतीचं कारण म्हणे. धडधाकट तर दिसते. बाईंच्या नात्यातली असणार, लिहून ठेव."

मुनीच्या मनात पाल चुकचुकली. तेव्हापासून तो त्या मुलीवर नजर ठेवू लागला. ती जिने भराभर चढायची. डबा खाताना खळखळून हसायची. एकदा बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवलेला त्याने पाहिला आणि त्याची खात्रीच पटली.

घरी त्याने हे सगळं बायकोला सांगितलं.

"मग तुम्ही का नाही भरला फॉर्म?" तिने विचारलं.

"भरला असता तर संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं असतं. बहिऱ्याला मोठी कामं कोण देणार?"

"बाईंनी कुणाचं गुपित फोडलंय कधी?"

"फोडेपर्यंत ते कळणार कसं?"

यावर बायकोने कपाळावर हात मारला.

चौथ्या दिवशी तो तडक बाईंच्या खोलीत गेला. "सात नंबर तिला का दिलं, ते मला कळलं पाहिजे."

"ते नाही सांगता येणार."

"सगळं न्यायाने झालंय ना? मग लपवता कशाला?"

बाईंनी चिठ्ठ्यांचा कागद पुढे सरकवला. त्यावर दोघा साक्षीदारांच्या सह्या होत्या. "हे हवं तितकं तपासा. पण तिचं कारण तिचं आहे."

"साहेबांनी विचारलं तर?"

"साहेबांनी विचारलं होतं. त्यांनाही नाही सांगितलं."

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कुठे काही निसटतंय का, म्हणून. काही निसटेना. तो उठला, दारापर्यंत गेला, दार लावून परत आला.

"फॉर्मची मुदत संपली असेल."

"ईमेलच्या शेवटी लिहिलंय ना. ज्याचा फॉर्म राहिला असेल त्याने केव्हाही यावं. त्यासाठीच दोन टेबलं रिकामी ठेवलीत." बाईंनी ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि खुर्ची वळवून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मुनीने चार ओळी लिहिल्या.

सोमवारी तो प्रिंटरपलीकडच्या टेबलावर गेला. डावीकडे भिंत. पहिल्याच दिवशी त्याने तिघांच्या प्रश्नांना लगेच उत्तरं दिली. तिघेही चकित झाले.

दुपारी आकाशवाणी चहाचा कप घेऊन आला, यावेळी उजवीकडून. आवाज गोड, डोळे बारीक.

"काय मुनी, बाईंच्या खोलीत गेलास काय, दार लावलंस काय, आणि भिंतीकडची जागा! आम्हालाही सांग की मंत्र."

"ईमेल शेवटपर्यंत वाच," मुनी म्हणाला.

"म्हणजे सांगायचं नाही तर."

"नाही."

आकाशवाणी मान हलवत निघून गेला. वाटेत तो दोघांपाशी थांबला आणि तिघांनी वळून मुनीकडे पाहिलं. ते काय बोलत होते ते मुनीला आता स्वच्छ ऐकू येत होतं. त्याने पट्टी उचलली आणि आराखड्यावर पुढची रेघ ओढली. सात नंबरच्या मुलीकडे मात्र त्या दिवसानंतर त्याने कधी टक लावून पाहिलं नाही.