आत बसलेली माणसं

आग्नेलची फियाट दहा वर्षांची झाली होती. वसई शहरात फिरायची, स्टेशन, बाजार, चर्च, एवढंच. पण वाडीतली प्रत्येक नवरी तिच्यातूनच चर्चला जायची. बॉनेटवर सोनचाफ्याचे हार, आत मोगऱ्याचा वास. भाड्याचा एक पैसाही आग्नेलने कधी घेतला नाही.

विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा एजंट नरहरी ओट्यावर बसला होता.

"आग्नेलभाऊ, जुनी गाडी. फुल विम्यात गाडीचं नुकसान, चोरी, आग सगळं येतं. पण आता तिची किंमत ती काय? नव्या पार्टच्या पैशांतूनही घसारा कापतात. नुसता थर्ड पार्टी कायद्याला पुरतो. हप्ताही हलका."

"मग तोच कर."

आग्नेलची बायको मटिल्डा दारात कोळंबी सोलत होती. "आणि गाडीत बसलेली नवरी?"

नरहरी तिच्याकडे वळला. "वहिनी, थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा माणूस. फुकट बसलेला त्यात येत नाही. फुल विम्यात येतो."

"आत आपलीच माणसं असतात," आग्नेल हसला. "आपली माणसं काय कोर्टात जातात?"

मटिल्डा हसली नाही. तिने सालं कुंपणापलीकडे फेकली. कावळे एकदम उठले.

इनेझच्या लग्नाला आभाळ पिवळं पडलं होतं, ताडांत वारा नव्हता. शेजारच्या व्हॅलेरियनची ती पोर, आग्नेलच्या अंगाखांद्यावर वाढलेली. निघायला उशीर झाला. घंटा वाजू लागली.

"अंकल, जरा दाबा ना! फादर ओरडतील!"

आग्नेलने दाबलं. बावखलाच्या, वाडीतल्या जुन्या तळ्याच्या, वळणावर घड लादलेली केळीवाल्या नथूची सायकल समोर आली. चाक वळलं, सायकल उडाली, फियाट तळ्याच्या दगडी काठावर आपटली. घंटा वाजतच राहिली.

नथूचा हात मोडला. इनेझचा पाय गुडघ्यापासून गेला.

नरहरी आला तेव्हा ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"नथूने कोर्टात दावा लावलाय. जे ठरेल ते कंपनी देईल. गाडीचं तुमचं तुम्ही बघा."

"आणि इनेझचं?"

नरहरीने पायात चप्पल सरकवली. "दावा तिनेही लावला, तर तो तुमच्यावर. कंपनीवर नाही. फुल असता तर…"

संध्याकाळी आग्नेल कुंपणापाशी गेला. घराचा कागद, मटिल्डाच्या बांगड्या, काय गहाण टाकायचं ते सगळं त्याने मनात मांडून ठेवलं होतं.

"व्हॅलेरियन, तू दावा लाव. माझ्यावर लाव."

व्हॅलेरियन मोगऱ्याला पाणी घालत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"तू आमच्याकडनं कधी भाडं घेतलंस का रे, आग्नेल? मग आम्ही काय मागायचं तुझ्याकडं?"

आतून कुबडीचा आवाज आला. एक, मग थांबून दुसरा. आवाज दारापर्यंत आला, इनेझला बाहेर आग्नेल उभा दिसला, आणि आवाज परत आत गेला.