चालण्याचं एक मिनिट

हॉस्पिटलात डॉक्टरांचं टोपणनाव 'प्रस्तावना' होतं, कारण ते कुठंही बोलायला उभे राहिले की वेळ प्रस्तावनेतच संपायचा. म्हणून यावेळी कुणी किती मिनिटं बोलायचं याचा कागद फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्वतःच्या ताब्यात ठेवला.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला कृत्रिम पाय बनवण्याची छोटी कार्यशाळा होती. ती बंद करून पाय बाहेरून मागवावेत, असं विश्वस्तांच्या मनात होतं. बाहेरचा पाय यायला महिनोन् महिने लागतात आणि तोवर माणूस चालणंच विसरतो, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती का ठेवावी हे सभेत सांगायला विश्वस्तांनी पंधरा मिनिटं दिली होती. पंधरावं संपलं की घंटा, आणि घंटेनंतर अवाक्षर नाही.

बोलणारे तिघे: डॉक्टर, बाई आणि पोस्टमनकाका. काकांचा डावा पाय याच कार्यशाळेत बनला होता आणि तो घेऊन ते पुन्हा टपाल वाटत होते. डॉक्टरांना पाच मिनिटं, बाईंना सहा, काकांना चार. प्रत्येक स्लाइडसमोर तिची मिनिटं लिहिलेली. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना म्हणायची वाक्यंही बाईंनी घोटून घेतली होती. डॉक्टरांनी आधी लिहिलं होतं, "आता या बोलतील." बाई म्हणाल्या, "हे बस थांब्यावरचं वाक्य झालं, डॉक्टर. तुम्ही प्रश्न सोडून जा, उत्तर मी देते." मग डॉक्टरांनी लिहिलं, "पाय बसवला की माझं काम संपतं. पण त्यावर उभं राहायला किती दिवस लागतात?" वाक्य असं चपखल बसलं की डॉक्टर स्वतःवरच खूश झाले.

कार्यशाळेतल्या टेबलाभोवती बसून केलेली तालीम बरोबर पंधरा मिनिटांत संपली. बाईंना आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात तालीम केली आणि सगळं मुसळ केरात गेलं. बाईंचं वाक्य संपलं, काका खुर्चीतून उठले, तीन पायऱ्या चढले आणि माइकपर्यंत पोचले. त्यातच मिनिट गेलं. टेबलाशी बसून कुणाला चालावंच लागलं नव्हतं. माणसाला चालायला शिकवणाऱ्या बाई कागदावर चालणं लिहायलाच विसरल्या होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुम्ही आधीपासून वर माइकजवळच बसा ना," डॉक्टर म्हणाले.

"बसतो की. मग पाय घरीच ठेवून येतो," काका म्हणाले.

मग डॉक्टरांनी कार्यशाळेच्या इतिहासाची आपली लाडकी स्लाइड मुकाट्याने काढून टाकली. बाई पाहतच राहिल्या. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी त्यांना एवढं नवल वाटलं नसतं. त्यांनी आपलीही एक स्लाइड काढली आणि ते मिनिट अडीअडचणीसाठी राखून ठेवलं. काकांच्या स्लाइडच्या वर त्यांनी लिहिलं: चालणं, एक मिनिट, कुणी बोलायचं नाही.

सभेच्या दिवशी डॉक्टर वेळेत थांबले. बाईंचेही आकडे वेळेत संपले. मग त्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, "माणूस किती पावलं चालतो ते मी मोजलं; पण कुठे जायला चालतो, ते मला मोजता येत नाही."

काका उठले. फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून पाऊल जपून पडत होतं. दुसऱ्या पायरीवर ते थांबले. बाईंचा हात आपसूक पुढे गेला. त्यांनी तो मागे घेतला. राखीव मिनिटही संपत चाललं होतं. इतकी वर्षं त्या याच पावलांशेजारून चालल्या होत्या, गुडघा बघत, कंबर बघत, चुका काढत. एक माणूस चालतोय एवढंच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. फोनमध्ये डोकं घातलेले विश्वस्तांचे अध्यक्षही मान वर करून बघत होते.

काका माइकशी पोचले. आपलं टपाल, आपली गल्ली, वरच्या मजल्यावर वाट बघणारी माणसं, सगळं त्यांनी पाठ केल्याप्रमाणे नीट सांगितलं. मग त्यांनी पुढची स्लाइड आणू पाहणाऱ्या डॉक्टरांना हातानं थांबवलं. हे तालमीत नव्हतं.

"अजून एक फोटो होता, मी चालतानाचा," काका म्हणाले. "तो आता राहू द्या. तुम्ही बघितलंच."

घंटा वाजायला अवकाश होता. अध्यक्षांनी ती हातानं बाजूला सरकवली आणि विचारलं, "काका, पाय झिजला की दुरुस्तीला कुठे जाता?"

"इथेच, मागे," काका म्हणाले. "चालत."

अध्यक्षांनी बाकीच्या विश्वस्तांकडे पाहिलं. कार्यशाळा बंद करायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.