अकरा मिनिटं

लॅबच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईचा अर्धा दिवस एकाच वाक्यात जायचा: "मोबाइलवर आलेला नंबर सांगा." पेशंट आकडे सांगत, ती टाइप करी, रिपोर्ट उघडे. म्हणून फोनवर बँकेचं नाव सांगणाऱ्या माणसानं तेच वाक्य तिला ऐकवलं, तेव्हा तिला काहीच खटकलं नाही. मेसेजमधले फक्त सहा आकडे तिनं पाहिले आणि सांगून टाकले. वर रक्कम लिहिली होती, खाली 'हा ओटीपी कुणालाही सांगू नका' असंही होतं. एवढं वाचायला थांबतंय कोण!

पुढचा मेसेज पैसे कापल्याचा आला.

"मॅडम, चुकून गेले, परत येतील," तो म्हणाला. "फोन ठेवू नका, कुणाला सांगूही नका." कुणाला सांगू नका, म्हणे! तिथं तिचे डोळे उघडले. तिनं फोन कापला आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावला.

बँकेतल्या मुलीनं कार्ड आणि नेटबँकिंग बंद केलं, व्यवहाराची तक्रार नोंदवून क्रमांक दिला. घाबरून ही तिलाही मेसेज वाचून दाखवायला निघाली.

"ओटीपी आम्हालाही सांगायचा नाही," ती मुलगी म्हणाली. "मेसेज पुसू नका. सायबर पोलिसांकडे लगेच तक्रार करा, बँकेला लेखीही द्या. दुसऱ्या खातेदाराचं कार्ड मात्र त्यांनीच फोन करून बंद करायचं."

दुसरी खातेदार म्हणजे धाकटी बहीण. दोघींचं संयुक्त खातं ते; सात वर्षं पोटाला चिमटा काढून घरासाठी पैसे साठवलेलं. आणि त्या माणसानं विचारल्यावर धाकटीचा फोन नंबर हिनंच दिला होता.

ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. आधी पोलिसांची तक्रार भरू, मग धाकटीला सांगू, असं तिनं ठरवलं. खरं तर तिला लाज वाटत होती. फॉर्ममध्ये 'माहिती कोणाला दिली' या रकान्यापाशी ती अडली, आणि मग मात्र तिनं धाकटीचा नंबर लावला. फोन व्यस्त होता. पुन्हा लावला.

"ताई, थांब गं, दुसऱ्या लाइनवर बँकच आहे. तुझे पैसे परत करायला नंबर मागतायत, सांगतेच आहे."

"सांगू नकोस. कापून टाक. मी फसलेय."

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला.

"चार आकडे सांगून झाले होते," धाकटी म्हणाली. "कापला. आता?"

"कार्डामागचा नंबर लाव, आत्ताच."

कार्ड बंद करून धाकटीनं परत फोन केला. गेलेले पैसे परत मिळतील का, ते दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. उरलेले तरी वाचले होते.

"तुला कधी कळलं, ताई?"

ताईनं घड्याळाकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं.

"तुला फोन लावला, त्याच्या अकरा मिनिटं आधी."

"आणि मला एवढ्या उशिरा सांगतेस?" धाकटी रडायला लागली.