वाकोल्याचं उखळ आणि सीतारामचा ‘कल’

मी एक जुनं लाकडी उखळ आहे. वाकोल्याच्या गावठाणात, ल्युसीबाईंच्या अंगणात माझा मुक्काम आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या घरी मसाला गिरणीतून येतो, नाहीतर पाकिटातून. पण एके काळी या गल्लीत माझ्यावाचून पान हलत नसे.

मी फणसाच्या बुंध्यातून कोरलं गेलं. ल्युसीबाईंच्या सासऱ्यांनी सुताराला घरी बसवून मला घडवून घेतलं होतं. माझ्याच लाकडाचं नव्हे, पण माझ्याबरोबरच घरात आलं ते माझं मुसळ. ते खैराचं, उंच, आणि त्याच्या टोकाला लोखंडी कडं. दरवर्षी ईस्टर झाला की मिरच्या उन्हात पडत, भाजलेल्या धण्यांचा आणि हळदीचा वास गल्लीभर फिरे, आणि बायका गाणी म्हणत पाळीपाळीनं मसाला कुटत. मग तो गडद बाटल्यांमध्ये ठासून भरायचा. “ल्युसीच्या उखळाचा मसाला वर्षभर रंग सोडत नाही,” असं लोक म्हणत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे.

पुढे गिरण्या आल्या. मला पालथं घालून माझ्यावर गोणपाट टाकण्यात आलं. वर्षातून एकदाच मी सुलटं होऊ लागलं. गोणपाटाखाली दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. आणि जो नुसतं ऐकतो, त्याला प्रत्येक पावलाचा संशय येतो. मलाही येऊ लागला.

या वर्षी मुसळाचं कडं निघालं. ल्युसीबाईंनी मुसळ सीताराम सुताराकडे दिलं. सीताराम मूळचा उत्तरेकडचा, कुर्ल्यात राहणारा. गावठाणातली दारं-खिडक्या वर्षानुवर्षं तोच दुरुस्त करतो. लोक कामावर जाताना घराची किल्लीसुद्धा त्याच्या हातात देतात. त्या विश्वासावरच त्याचं पोट आहे.

ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह आला. ल्युसीबाईंचा जुना नेम असा की गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघताना फोन बंद करून कपाटात ठेवायचा, तो ईस्टर उलटल्यावरच काढायचा. सोमवारी सकाळी त्यांच्या सुनेनं, शर्लिननं, फोन चालू केला. त्यात सीतारामचा आवाजी निरोप होता. शर्लिननं तो अंगणातच, माझ्याजवळ उभं राहून लावला.

“आंटी, मूसल तैयार है. कल शाम को आया था, ताला लगा था. कल सुबह फिर आऊँगा. कोई नहीं मिला तो ब्रायन भाई के बरामदे में, ऊपर बल्ली पे रख दूँगा.”

“खोटारडा!” ल्युसीबाई कडाडल्या. “काल संध्याकाळी ताला? काल ईस्टर! घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझा नवरा मार्कस तर दारातच खुर्ची टाकून बसलेला.”

“आणि ममा, उद्या सकाळी येतो म्हणतोय.”

“येतोय कसला! पळायला एक दिवस सवड मिळवतोय. फोन लाव त्याला.”

फोन लागेना. शर्लिननं कुर्ल्याच्या शेजाऱ्याला विचारलं, तर उत्तर आलं की खोलीला कुलूप आहे, सीताराम गावी गेला.

झालं. तासाभरात अख्ख्या गल्लीला बातमी कळली. खैराचं जुनं मुसळ, त्याला शोभेच्या वस्तूंचे दुकानवाले हवे तेवढे पैसे देतील, असं कुणीतरी म्हणालं. कुणाला आपली हरवलेली पक्कड आठवली, कुणाला जुनी बिजागरी. मी खोटं बोलणार नाही मित्रांनो, मीही आठवू लागलं. शनिवारी सकाळी, घरात सामसूम असताना, अंगणात पावलं वाजली होती. कुणीतरी थांबलं होतं, आणि पावलं शेजारच्या घराकडे गेली होती. नक्की तोच, टेहळणी करत होता, असं मला वाटलं.

ल्युसीबाई पोलीस चौकीला निघाल्या. फाटकातच त्यांची मैत्रीण नंदा भेटली. नंदा समोरच्या इमारतीत राहते, महापालिकेच्या शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाली.

“कुठे निघालीस गं तलवार उपसून?”

ल्युसीबाईंनी सगळं सांगितलं आणि निरोपही ऐकवला. “ही कसली भाषा गं तुझी! कालही कल, उद्याही कल. चोराला सोयीची.”

“चोराचं काय घेऊन बसलीस! संस्कृतात कल्य म्हणजे पहाट. ‘पहाटे’ एवढंच म्हटलं तर ती सरलेलीही असेल, येणारीही. हिंदीनं दोन्ही ठेवल्या. आपला ‘काल’ त्याच शब्दाचा भाऊ, पण आपण त्याला मागे ठेवलं आणि पुढच्यासाठी ‘उद्या’ घेतला. घाटकोपरच्या गुजराती बाईला विचार, ती ‘गई काल’ आणि ‘आवती काल’ म्हणेल.”

“म्हणजे निदान सांगते तरी! आपल्यात असला गोंधळ नाही.”

“नाही? परवा मला जेवायला बोलावलंस तेव्हा काय म्हणालीस? ‘परवा आली नाहीस, आता परवा तरी ये.’ मी गोंधळले का?”

शर्लिन फिस्सकन हसली.

“कल म्हणजे आजपासून एक दिवस लांब, एवढंच,” नंदा म्हणाली. “मागे की पुढे, ते क्रियापद सांगतं. ‘आया था’ म्हणजे मागचा, ‘आऊँगा’ म्हणजे पुढचा. क्रियापद नसेल तर गोष्टीवरून कळतं. ‘कल की रोटी’ शिळी असते, ‘कल की तैयारी’ उद्याची. इथवर तुझं बरोबर आहे.”

“मग?”

“मग ‘आज’ कुठला? तू ज्या दिवशी ऐकलंस तो, की तो ज्या दिवशी बोलला तो? बोलणाऱ्याच्या आजपासून मोजायचं, बाई.”

निरोप पुन्हा लावला गेला. या वेळी सीतारामच्या आवाजामागून एक कोरडा, लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. मी लाकूड आहे, मला तो आधी कळायला हवा होता. पण ओळखला ल्युसीबाईंनी.

“हा तर चर्चचा खटखटा!” त्या हळूच म्हणाल्या. गुरुवारच्या मिस्सानंतर ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत घंटा वाजवत नाहीत. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत लाकडी खटखटा फिरवतात. “शुक्रवारी बोललाय तो.”

शर्लिननं फोनकडे पाहिलं. तिथे वारही होता, शुक्रवार. रागाच्या भरात कुणी वाचलाच नव्हता.

मग पहिला कल गुरुवार झाला, सगळे मिस्साला गेलेले. दुसरा झाला शनिवार. त्या सकाळी सगळे वेदी सजवायला चर्चमध्ये होते. म्हणजे तो दिवस यायचा नव्हता, केव्हाच होऊन गेला होता.

शेजारचा ब्रायन, ल्युसीबाईंचा पुतण्या, सासुरवाडीला उत्तनला गेलेला. त्याच्या ओसरीत जाऊन शर्लिननं वरच्या आडव्या वाशावर, त्या बल्लीवर, हात फिरवला. मुसळ तिथेच होतं, फडक्यात गुंडाळलेलं, तेल पाजलेलं, कडं घट्ट बसवलेलं.

शर्लिननं ते आणून ल्युसीबाईंच्या हातात ठेवलं. मग नंदा म्हणाली, “चौकीला जायचंय ना अजून?”

ल्युसीबाई चौकीला गेल्या नाहीत. त्या गल्लीतल्या प्रत्येक दारात गेल्या. सकाळी सांगितलेलं दुपारी परत घेणं फार जड असतं. कुणी “बरं झालं” म्हणालं, कुणी नुसतं “हं” केलं. पक्कड हरवलेल्याला पक्कड काही सापडली नाही, आणि त्याचा संशयही तसाच राहिला.

या वर्षी मसाला झकास झाला. सीताराम गावाहून परतला, तेव्हा ल्युसीबाईंनी पहिली बाटली त्याला दिली. त्याच्या कानावर सगळं आलं होतं.

“आंटी, एक बार पूछ तो लेतीं,” एवढंच तो म्हणाला.

“चुकलं रे माझं,” त्या म्हणाल्या.

त्यानं बाटली घेतली. चहाही घेतला, पण फाटकाबाहेर उभं राहून. पूर्वी तो माझ्यावर टेकून प्यायचा.

मित्रांनो, आम्हा लाकडी वस्तूंना जपणं सोपं आहे. उन्हात टाकू नका, वापरून झालं की पुसा, थोडं तेल लावा. आम्ही तुमच्या नातवंडांपर्यंत टिकू. माणसाचं नाव मात्र तेल लावून उजळत नाही. म्हणून कुणाचं बोलणं उशिरा कानावर आलं, तर आधी विचारा, हे तो कधी बोलला? तेवढं विचारेपर्यंत गल्लीत सांगायला फाटक उघडू नका.